१४ महिने मीच उत्तर दिलं नाही, आता मेसेज कसा करू?

तिखट_पोहे
सरळ मुद्द्यावर येते. माझी एक मैत्रीण आहे, तिला इथे म म्हणते. कॉलेजपासूनची. ती पंचवटीत, मी पाथर्डी फाट्याला, म्हणजे एकाच गावात. मागच्या वर्षी तिच्या बाबांची बायपास झाली. तिने मेसेज केला, "रविवारी येतेस का, बाबा तुझी आठवण काढतायत." मी वाचला. त्याच आठवड्यात माझी अंबडची नोकरी गेली होती, कोणाला तोंड दाखवावंसं वाटत नव्हतं, म्हटलं संध्याकाळी सावकाश उत्तर देऊ. रविवार गेला. मग तिचा आला, "अगं ठीक आहेस ना?" त्यालाही नाही दिलं, कारण आता रविवारचंही सांगावं लागणार होतं. दीडेक महिन्याने तिसरा आला. त्यात एकच शब्द होता. "असो."

त्यानंतर काही नाही. १४ महिने झाले. भांडण नाही, काही नाही, तिची काडीइतकी चूक नाही. नोकरी लागूनही आता ८ महिने झाले म्हणजे तेही कारण उरलेलं नाही. मागच्या मंगळवारी कॉलेज रोडला ती समोरून येताना दिसली आणि मी चक्क शहाळेवाल्याच्या गाडीमागे जाऊन उभी राहिले, वय वर्ष ३६!

मेसेज लिहून ठेवलाय पण पाठवायचा धीर होत नाही. कोणी हे केलंय का? मी म्हणजे उत्तर न देणारी पार्टी, हे लक्षात घ्या.

सातपूरचा_बंड्या
शहाळं तरी घेतलं का 😀

तिखट_पोहे
दोन घेतली. घाबरून.

निवांत_नंदिनी
अगं सोड अशा मैत्रिणींना. ज्यांना आपली किंमत नाही त्यांच्यामागे कशाला धावायचं? मी पण एकीला सहा मेसेज केले, एकाचं उत्तर नाही. स्वतःचा मान राख.

सातपूरचा_बंड्या
नंदिनीताई, धागा परत वाचा. ती सहा मेसेजवाली नाहीये, उत्तर न देणारी आहे. तुमची व्हिलन इथे बसलीये.

निवांत_नंदिनी
अरे देवा. प्रकाटाआ. नाही, राहू दे, तसंच राहू दे. पोहे, मग तुलाच विचारते, का नाही देत गं तुम्ही लोक उत्तर??

तिखट_पोहे
खरं सांगू, पहिल्या दिवशी दोन शब्द पुरले असते. आठवड्याने चार ओळी लागल्या असत्या. महिन्याने वाटलं आता फोनच केला पाहिजे. आणि सहा महिन्यांनी वाटायला लागलं की आता हातात काहीतरी घेऊन दारात उभं राहिल्याशिवाय भागायचं नाही. उधारीसारखं व्याज चढत गेलं आणि मी दुकानापुढून जायचंच बंद केलं. मनातून ती गेली नव्हती, शपथ.

पिंपळगावचा_पाटील
उधारीचं उदाहरण एकदम बरोबर.

माझं ऐका, मेसेज वगैरे भानगडीत पडू नका. माझा मावसभाऊ माझ्यावर रुसला होता, चूक माझीच, त्याच्या पोरीच्या साखरपुड्याला गेलो नाही आणि कळवलं पण नाही. दोन वर्षं बोलणं नाही. मग फेब्रुवारीत माल निघाला तेव्हा एक क्रेट द्राक्षं गाडीत टाकली आणि सरळ त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. सॉरीबिरी काही नाही. तो म्हणाला "बरी आठवण झाली", मी म्हणालो "हो", वहिनीनी चहा आणला, संपलं. माणूस समोर आला की निम्मा राग तिथेच उतरतो.

अनघा_इंदिरानगर
पाटीलदादा, तुमचं जमलं कारण तुम्ही भाऊ आहात, तुमच्या मधे आख्खं नातेवाईकांचं गाव उभं आहे. शिवाय दोन वर्षांत त्याला तुमची ख्यालीखुशाली मावशीकडून कळत होतीच. मैत्रिणीच्या दारात न सांगता गेलं तर तिच्यापुढे पर्याय काय राहतो? घरात घ्यायचं आणि चहा टाकायचा. रागावलेली असली तरी सासूसमोर हसावंच लागणार. मेसेजचा फायदा हाच की ती एकटी असताना वाचते, तोंड वाकडं करते, शिवी देते, फोन आपटते आणि मग ठरवते.

मी १२ वर्षं कुटुंब समुपदेशनाचं काम केलंय, नवरा बायको, भाऊ भाऊ, सगळं बघितलंय. पोहे, तू लिहिलेला मेसेज इथे टाक. नावं काढून. बघूया.

तिखट_पोहे
टाकते. हसू नका.

"हाय म! कशी आहेस? खूप दिवसांनी मेसेज करतेय, खरं तर रोज तुझी आठवण यायची पण धीरच होत नव्हता. तुला माहितीये का मागचं वर्ष माझ्यासाठी किती भयंकर होतं, माझी नोकरी गेली, मग आईचा गुडघा, मग ह्यांची बदली होणार होती ती रद्द झाली, त्यात मला झोप लागेना, डॉक्टरकडे गेले, मग मी कोणाशीच बोलत नव्हते, फक्त तुझ्याशीच नाही असं नाही. मी खूप वाईट मैत्रीण आहे मला माहितीये. तुला राग आला असेल तर खरंच सॉरी, पण मी मुद्दाम नाही केलं. बाबा कसे आहेत आता? प्लीज मला माफ करशील ना? आपण भेटूच लवकर, खूप बोलायचंय!! मिस यू 😭😭❤️"

सातपूरचा_बंड्या
यात माफी कुठेय ते शोधायला गाईड लागेल.

पिंपळगावचा_पाटील
ताई राग मानू नका, पण हा मेसेज म्हणजे विरळणी न केलेली बाग झाली. काडीवर सगळेच घड ठेवले की एकही फुगत नाही, मणी बारीक राहतात आणि व्यापारी बागेतून तसाच निघून जातो. थिनिंग करा, थिनिंग.

अनघा_इंदिरानगर
वा पाटीलदादा, माझं अर्धं काम केलंत. आता मी कात्री घेते.

"तुला राग आला असेल तर सॉरी." हा तर काढ. यात चूक तुझी राहत नाही, तिच्या रागाची होते, म्हणजे राग नसेल तर सॉरी पण नाही? मग "सॉरी, पण मुद्दाम नाही केलं." पण आला की आधीचं सगळं पुसलं जातं, माणूस पणच्या पुढचंच वाचतो.

"मी खूप वाईट मैत्रीण आहे." हे वाचून ती काय म्हणणार? "नाही गं, असं काय बोलतेस." म्हणजे १४ महिने गप्प तू बसलीस आणि समजूत तिने काढायची. नोकरी, गुडघा, बदली, झोप, ह्या यादीचंही तेच. खोटं नाहीये गं त्यातलं काही, पण सगळं एकदम आलं की तिला रागावायला जागाच उरत नाही, तुझी कीव करावी लागते. ज्या वेळी तिचे बाबा आयसीयूत होते त्या वेळचं तुझं दुःख तू तिला सांगतेयस हेही लक्षात घे.

"माफ करशील ना" पण काढ. त्यावर तिला आत्ताच्या आत्ता हो किंवा नाही म्हणावं लागतं. याच्यावर ओहायोच्या रॉय लेविकी आणि मंडळींनी २०१६ मध्ये काम केलंय, माफीचे सहा भाग पाडले आणि लोकांना विचारलं यातलं कशाने पटतं. सगळ्यात वर आलं "चूक माझी आहे" हे कबूल करणं, त्याखाली झालेलं भरून द्यायची तयारी. आणि सगळ्यात तळाला काय, तर "मला माफ कर" ही विनंती. आपण नेमकं उलटं करतो, विनंती तीनदा आणि कबुली शून्य वेळा. तुझ्या मेसेजात बघ, रविवारी बोलावलं आणि मी आले नाही हे एका तरी ओळीत आहे का?

आणि सगळ्यात धोक्याची ओळ वेगळीच आहे. "बाबा कसे आहेत आता?"

तिखट_पोहे
का? त्याच्यासाठीच तर...

अनघा_इंदिरानगर
१४ महिने झाले, बायपास होती. ते आहेत ना, हे तुला नक्की माहितीये?

तिखट_पोहे
...
नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हात थंड पडले.

वृंदा_जे
मी इथे फक्त वाचायला येते, आज लिहिते. मी म च्या बाजूची आहे. म्हणजे ती नाही, पण तशीच. माझी आई गेली तेव्हा माझ्या जवळच्या मैत्रिणीने वर्षभर काही उत्तर दिलं नाही आणि मग एक दिवस मेसेज, "काकू काय म्हणतात?" त्या एका ओळीने जे संपलं ते कायमचं. बाकीचा मेसेज मी वाचलाच नाही. काय माहिती, पुढे चांगलं लिहिलं असेल.

तेव्हा आधी विचारून घ्या. आणि दुसरं, सगळ्यांनीच परत जोडलं पाहिजे असं काही नसतं. कधीकधी मेसेज पाठवणाऱ्याला फक्त स्वतःचं ओझं उतरवायचं असतं आणि ते तो आपल्या अंगणात आणून टाकतो.

अनघा_इंदिरानगर
वृंदा, हे लिहिलंस ते बरं केलंस.

पोहे, दोन वाटा आहेत. एक म्हणजे कोणाकडून तरी कळून घ्यायचं, पण ज्याच्या पोटात राहील अशाच माणसाकडून, नाहीतर तुझ्या आधी चौकशीची बातमी म ला पोचेल आणि मेसेज शिळा होईल. दुसरी वाट, वाक्यच असं लिहायचं की बाबा असोत नसोत, ते खरं राहील. तू प्रश्न विचारायचाच नाही, झालेलं सांगायचं. "बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तू बोलावलंस, मी आले नाही." हे कुठल्याही परिस्थितीत चालतं.

गंगापूररोड_गिरीश
एवढं कशाला ताणताय. मी सरळ एक जुना फोटो टाकतो. कॉलेजचा, रंगपंचमीला रहाडीत उडी मारतानाचा, खाली "आठवतंय का बे". तीन जण असे परत मिळवलेत. लोकांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त आनंद होतो, यावर रिसर्च पण आहे.

अनघा_इंदिरानगर
गिरीश अर्धा बरोबर आहे. रिसर्च आहे. पण त्याच्याच जोडीचा लारा ॲकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांचा २०२४ चा अभ्यासही बघ. त्यात लोकांना जुन्या मित्राला मेसेज लिहायला लावला, नंबर हाताशी, वेळ हाताशी, आणि तरी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी लोकांनी तो खरंच पाठवला. आपण सगळे तिथेच अडतो. पण त्या मंडळींनी निवडायला लावलेले मित्र असे होते की ज्यांना आपल्याकडून ऐकायला आवडेल असं पाठवणाऱ्याला वाटत होतं. नुसता संपर्क सुटलेले. इथे तसं नाही, इथे एकाने हाक मारली आणि दुसऱ्याने ऐकून मान फिरवली. तुझ्या तीन मित्रांनी तुला शेवटचं काय लिहिलं होतं ते बघ. बहुतेक काहीच नाही, दोघांकडूनही आपोआप थांबलं असणार. तिथे फोटो चालतो. "असो" च्या खाली रहाडीचा फोटो टाकला तर तिला वाटेल ही मागचं काही घडलंच नाही असं दाखवतेय.

गंगापूररोड_गिरीश
मान्य. (एकाने उत्तर दिलं नव्हतं, त्याचं कारण आत्ता कळलं.)

सिन्नरफाटा
अवांतर: रहाडीतला फोटो कुठल्या पेठेतला? आमच्या वेळी पाण्याचा रंग आठवडाभर कानातून जात नसे.

गंगापूररोड_गिरीश
तिवंधा. पिवळा रंग. अजून एका बनियनवर आहे.

सातपूरचा_बंड्या
मूळ विषयाला धरून माझी पण एक भानगड आहे, आत्तापर्यंत जोक मारत होतो कारण अंगाशी आलं होतं. कंपनीतल्या जोडीदाराकडून ८,००० घेतलेले, तीन वर्षांपूर्वी, गाडीच्या कामाला. तो कधी मागायला आला नाही, फक्त "काय बंडू, बरंय ना" असे मेसेज करायचा आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं की पैशासाठीच करतोय. उत्तर देणं बंद, मग बोलणं बंद. आता पैसे आहेत. आधी मेसेज का आधी पैसे?

पिंपळगावचा_पाटील
आधी पैसे. तोंडाने बोलून काय उपयोग.

वृंदा_जे
उलटं. अचानक खात्यात ८,००० आले आणि शब्द नाही, तर त्याला वाटेल हिशोब मिटवला आणि माणूसही मिटवला.

अनघा_इंदिरानगर
दोन्ही एका बैठकीत कर ना. पैसे पाठव आणि पाच मिनिटांच्या आत मेसेज. "८,००० पाठवलेत, तीन वर्षं उशीर. लाज वाटत होती म्हणून उत्तर देत नव्हतो, तू कधी मागितले पण नाहीस. चुकलं." फक्त "पैसे जमले की देतो" असं लिहून मेसेज पाठवू नकोस, मग तो मेसेज नवी उधारी होतो. यात कारण एका ओळीत आलंय बघ. कारण सांगूच नये असं माझं म्हणणं नाही.

वृंदा_जे
हो, याच्यावर मला भर घालायची आहे. कारण अजिबात नाही दिलं तर समोरचा माणूस काय करतो माहितीये? स्वतःत शोधतो. मी वर्षभर मागचे चॅट वर वर सरकवून वाचत होते, आपण काय बोललो की तिला लागलं असेल. त्यामुळे पोहे, नोकरीचं नाही लिहिलं तरी चालेल पण "तुझं काही चुकलं नव्हतं" एवढं मात्र लिही. मला तेवढं कोणी लिहिलं असतं ना...

तिखट_पोहे
वृंदा 🙏

दोन दिवस विचार केला. कॉलेजातल्या एका मॅडमकडून (त्या कोणाला सांगणार नाहीत) कळलं, बाबा बरे आहेत, सकाळी गोदापार्कला फिरायला जातात. मी रिक्षात बसून रडले. तरी वाक्य अनघाताईंचंच ठेवतेय, प्रश्न न विचारता, कारण "मला आतल्या गोटातून कळलं" हे पण तिला आवडणार नाही. नवीन मेसेज:

"म, मागच्या वर्षी बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तू रविवारी बोलावलंस. मी वाचलं आणि आले नाही, नंतरच्या दोन मेसेजनाही उत्तर दिलं नाही. तुझं काही चुकलं नव्हतं, माझी नोकरी गेली होती आणि मी तोंड लपवून बसले. तेव्हा यायला हवं होतं. सॉरी. उत्तराची घाई नाही. परवा कॉलेज रोडला तुला बघून मी शहाळ्याच्या गाडीमागे लपले होते, तेही कबूल करून टाकते."

पिंपळगावचा_पाटील
आता बाग विकली जाईल.

निवांत_नंदिनी
शहाळ्याचं ठेव. प्लीज ठेव. मी जिला सहा मेसेज केले तिने असं काही पाठवलं असतं तर मी हसले असते आणि मग गेलंच असतं सगळं.

वृंदा_जे
मला शहाळं खटकतंय. रागात असेल तर "मला बघून लपली" एवढंच तिला दिसेल.

अनघा_इंदिरानगर
मी यात पडत नाही. हसू हे दोघींचं आपापलं असतं, म कशाला हसते ते पोहेलाच माहीत. बाकी मेसेज बरोबर आहे. दुपारी पाठव, रात्री दीडला नको, त्या वेळी असा मेसेज आला की माणूस आधी घाबरतो. आणि पाठवून झाल्यावर घाबरून डिलीट करू नकोस, "मेसेज डिलीट केला" अशी खूण मागे राहते आणि ती वाचण्यापेक्षा वाईट. चूक दिसली तर १५ मिनिटं एडिट करता येतं, तेवढंच.

गंगापूररोड_गिरीश
आणि एकच टिक राहिली तर समजा ब्लॉक.

सिन्नरफाटा
काही काय! फोन बंद असला, नेट नसलं तरी एकच टिक. ब्लॉक असेल तरी एक टिक, पण म्हणून उलटं खरं नसतं. आणि दोन टिक निळ्या झाल्या नाहीत म्हणजे वाचलं नाही असंही नाही, सेटिंगमध्ये बंद करता येतं. माझ्या बायकोचं बंद आहे, मी १० वर्षं अंधारात आहे.

तिखट_पोहे
आणि उत्तर आलंच नाही तर? किती दिवसांनी परत करू?

वृंदा_जे
करू नकोस. तू १४ महिने घेतलेस, तिला पण घेऊ दे.

पिंपळगावचा_पाटील
मी तर संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाईन. सणाला कोण हाकलतं.

अनघा_इंदिरानगर
माझं मत वृंदा आणि पाटीलदादांच्या मधे कुठेतरी आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही पक्कं ठरवता आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात "बघितलंस का?" नक्कीच नको. बरेच महिने गेल्यावर एखाद्या निमित्ताने साधी एक ओळ, माफी पुन्हा न उगाळता, चालू शकते. त्यानंतर मात्र तिचं गप्प बसणं हेच उत्तर धर.

सातपूरचा_बंड्या
अपडेट. ८,००० आणि मेसेज दोन्ही गेले. त्याचा फोन आला. म्हणे मी विसरलोच होतो पैशाचं, मला वाटलं तू सुपरवायझर झालास म्हणून भाव खातोयस. तीन वर्षं मी पैशाला घाबरलो आणि तो माझ्या प्रमोशनवर रुसला होता. रविवारी मिसळ ठरलीये, बिल माझं.

सिन्नरफाटा
कुठली मिसळ? काळ्या मसाल्याची की लाल?

सातपूरचा_बंड्या
हा वेगळा धागा काढा, इथे मारामारी होईल.

तिखट_पोहे
पाठवला. शुक्रवारी दुपारी तीनला, शहाळ्यासकट. दोन टिक लगेच, निळ्या रात्री. मग शनिवार काही नाही. रविवार काही नाही. दर दहा मिनिटांनी फोन बघत होते आणि कळत होतं की तिने हेच केलं असेल.

आज सकाळी आलं. जसंच्या तसं टाकते:

"वाचलं. खूप राग आलेला, अजून आहे थोडा. बाबा ठीक आहेत. मला लगेच पहिल्यासारखं नाही जमणार."

आणि खाली दोन मिनिटांनी दुसरा:

"कुठला शहाळेवाला?"

निवांत_नंदिनी
आईगं.

वृंदा_जे
बरं झालं ठेवलंस. आता लांबलचक काही लिहू नकोस हं, तिने दोन ओळी दिल्यात, तूही तेवढ्याच दे.

तिखट_पोहे
"कोपऱ्यावरचा. दोन घेतली, एक अजून फ्रीजमध्ये आहे." एवढंच लिहिलं. अजून उत्तर नाही. आता मी स्वयंपाकाला लागते, फोन बाहेर ठेवून.